बद्धकोष्ठता असलेल्या मुलासाठी वर्गशिक्षिकेला पत्र: परवानगीपेक्षा वेळ मागा

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. अडीच-तीन वर्षांपासून त्याला बद्धकोष्ठतेचा त्रास आहे आणि पावडरचे औषध सुरू आहे. शाळेत तो संडासला जातच नाही आणि आठवड्यातून दोन-तीनदा चड्डी खराब करून घरी येतो. मागच्या आठवड्यात मॅडमनी डायरीत लिहून पाठवले की जुलाब होत असतील तर मुलाला शाळेत पाठवू नये. डॉक्टर म्हणतात, वर्गशिक्षिकेला पत्र द्या. पत्रात काय लिहू आणि किती लिहू? (एक आई, नागपूर)

उत्तर: पत्र एका पानात बसले पाहिजे, आणि त्यात संडासला जाण्याची परवानगी मागण्याऐवजी ठरलेल्या वेळी निवांत दहा मिनिटे मागितली पाहिजेत. परवानगी बहुतेक शिक्षिका देतातच. मुलाने हात वर करून विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. अडचण अशी आहे की तुमचा मुलगा विचारणारच नाही. ज्या मुलाला शौचाची भावना नीट जाणवत नाही, आणि जाणवली तरी ती दाबून धरण्याची ज्याला सवय झाली आहे, त्याला "लागली की जा" या सवलतीचा काही उपयोग होत नाही. त्याच्यासाठी वेळ मोठ्या माणसांनी ठरवून द्यावी लागते, आणि त्या वेळात बाहेरून कोणी दार वाजवणार नाही याची त्याला खात्री असावी लागते.

असे का, हे आधी तुम्हाला स्पष्ट असले पाहिजे, म्हणजे मॅडमनी समोरासमोर काही विचारले तर तुम्ही गडबडणार नाही. या वयाच्या बहुतेक मुलांत बद्धकोष्ठतेची सुरुवात एखाद्या दुखणाऱ्या शौचाने होते. एकदा शौच कडक झाले, दुखले, कधी थोडे रक्तही आले, की मूल पुढच्या वेळी भावना आली तरी आवळून धरते. धरलेला मळ मलाशयात पडून राहतो, तिथे त्यातील पाणी शोषले जाते, तो आणखी कडक आणि मोठा होतो, आणि पुढच्या वेळी आणखी दुखतो. असे महिनोन्‌महिने चालले की मलाशय ताणले जाते. सैल झालेल्या इलॅस्टिकसारखी त्याची अवस्था होते: ते भरले तरी त्याला पूर्वीसारखा ताण बसत नाही, म्हणून भरल्याची जाणीवच मुलापर्यंत पोहोचत नाही. मग वरून येणारा पातळ मळ या कडक गोळ्याच्या कडेने झिरपतो आणि चड्डीला लागतो. हे मुलाच्या नकळत होते. रोजच्या सवयीमुळे त्याला स्वतःला वासही येत नाही, त्यामुळे "एवढा वास येतो, तुला कळत नाही का?" या प्रश्नाला त्याच्याजवळ खरोखरच उत्तर नसते.

डायरीतली ती ओळ याच ठिकाणी चुकली आहे, आणि तिच्यामागे मॅडमचा वाईट हेतू असेल असे मानण्याचे कारण नाही. पातळ डाग पाहून कोणालाही जुलाबच वाटतील. कित्येकदा घरचे लोकसुद्धा असा डाग पाहून बद्धकोष्ठतेचे औषध बंद करतात किंवा जुलाब थांबवण्याचे औषध देतात, आणि आतला गोळा आणखी घट्ट होतो. म्हणून पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच असेल की हे जुलाब नाहीत, हा संसर्ग नाही, वर्गातील दुसऱ्या मुलांना यापासून काही धोका नाही, आणि तो हे मुद्दाम करत नाही.

आता वेळेबद्दल. जेवण पोटात गेले की मोठ्या आतड्याला चालना मिळते. ही नैसर्गिक प्रतिक्रिया जेवणानंतर साधारण अर्ध्या तासात सर्वांत जोरदार असते, म्हणून उपचारात मुलाला प्रत्येक मुख्य जेवणानंतर पाच ते दहा मिनिटे संडासात बसवायला सांगतात. समजा शाळा नऊला भरते आणि डब्याची सुट्टी साडेअकरा ते अकरा पन्नास अशी आहे. मुलगा डबा खातो तोवर अकरा चाळीस होतात. आतड्याला खरा जोर येतो तो पावणेबाराच्या पुढे, म्हणजे नेमकी घंटा वाजून पुढचा तास सुरू होतो तेव्हा. सुट्टीतली दहा मिनिटे उपयोगाची नसतात, कारण त्या वेळी संडासासमोर रांग असते, मोठी मुले दार ढकलतात, फरशीवर पाणी झालेले असते आणि कडी नीट लागत नाही. लघवी अशा गर्दीतही होऊन जाते. शौचाचे तसे नाही. गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू आपल्या इच्छेने आवळला जातो, आणि मूल धास्तावले की तो आपोआपही आवळला जातो. दारावर एक थाप पडली तरी पुरते. स्नायू आवळला, काही मिनिटांत भावना ओसरली, आणि मूल "आली नाही" असे सांगून परत येते. म्हणून मागायची वेळ ही डब्याच्या सुट्टीनंतरच्या तासाची पहिली दहा मिनिटे होय, जेव्हा बाकीची मुले वर्गात असतात आणि संडास रिकामा असतो.

सकाळी घरी बसवून हे भागणार नाही का, असा प्रश्न मॅडमही विचारू शकतात. सकाळी बसवायचेच आहे, पण सव्वाआठला व्हॅन दारात उभी राहणार असेल, तर साडेसातला उठलेल्या मुलाला न्याहारीनंतर निवांत बसायला वेळच उरत नाही. शक्य असेल तर त्याला अर्धा तास लवकर उठवा, कोमट दूध-पोळी किंवा पोहे खाऊ घाला आणि मग बसवा. शाळेतली बैठक ही त्यानंतरची दुसरी संधी आहे. संध्याकाळच्या जेवणानंतरची तिसरी.

पत्राआधी घरी एक गोष्ट तपासून घ्या, कारण ती राहिली तर पत्र वाया जाते. तुमच्या मुलाला स्वतःचे स्वतः धुता येते का? आपल्याकडे सहा-सात वर्षांच्या मुलालाही घरी आई किंवा आजी धुऊन देते, यात वावगे काही नाही, पण असे मूल शाळेत संडासला बसणार नाही, कारण बसल्यावर पुढे काय करायचे हे त्याला माहीत नसते, आणि ते कोणाला सांगायची त्याला लाज वाटते. मी अनेक आयांना हा प्रश्न विचारते, आणि बऱ्याच वेळा शाळेत संडासला न जाण्याचे खरे कारण इथेच सापडते. घरी आठ-दहा दिवस पाण्याचा मग हातात देऊन, तुम्ही बाहेर उभे राहून, त्याला सराव करू द्या. तसेच गणवेशाची पँट पाहा. ताठ हूक आणि त्यावर पट्टा असेल तर सात वर्षांच्या मुलाच्या हाताला तो घाईत निघत नाही. इलॅस्टिकची पँट घालण्याची परवानगी शाळा सहसा देते. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास आहे की कमोड, हेही विचारून घ्या. उकिडवे बसण्यात गुडघे कमरेच्या वर येतात आणि मळ बाहेर पडायला वाट सरळ मिळते, म्हणून भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उत्तमच. कमोडवर मात्र या वयाच्या मुलाचे पाय लोंबकळतात आणि पायाला आधार नसला की जोर लावता येत नाही, तेव्हा तिथे पायाखाली एक छोटा पाट किंवा स्टूल ठेवावा लागेल, आणि तो तुम्ही स्वतः देऊ शकता.

पत्राचा मसुदा पुढे देते. तुमच्या घरच्या आणि शाळेच्या वेळेप्रमाणे तो बदलून घ्या.

नागपूर
दिनांक …

आदरणीय वर्गशिक्षिका मॅडम,
सादर नमस्कार.

विषय: चि. … (इयत्ता दुसरी, तुकडी …) याला वैद्यकीय कारणासाठी डब्याच्या सुट्टीनंतर दहा मिनिटे मिळण्याबाबत.

माझा मुलगा चि. … याला गेल्या अडीच-तीन वर्षांपासून दीर्घकालीन बद्धकोष्ठतेचा त्रास आहे आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. आपण डायरीत लिहिलेली सूचना वाचली. त्याच्या कपड्यांना लागणारे डाग हे जुलाबाचे नाहीत. आतमध्ये कडक मळ साठून राहिला की त्याच्या कडेने थोडा पातळ मळ बाहेर झिरपतो, आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. हा संसर्ग नाही आणि इतर मुलांना त्यापासून धोका नाही. तो आळसाने किंवा मुद्दाम असे करत नाही, म्हणून त्याला याबद्दल रागावू नये, अशी नम्र विनंती आहे.

डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे जेवणानंतर काही वेळाने त्याने संडासात निवांत बसणे हा उपचाराचा भाग आहे. म्हणून डब्याच्या सुट्टीनंतरचा तास सुरू होताना, बाकीची मुले वर्गात बसल्यावर, त्याला रोज दहा मिनिटांसाठी जाऊ द्यावे, ही विनंती. त्याने विचारण्याची वाट न पाहता आपण नुसती नजरेने खूण केली तरी तो जाईल. तसे आम्ही त्याला घरी समजावून सांगितले आहे. रोज शौच होईलच असे नाही. झाले नाही तरी दहा मिनिटांनी तो परत वर्गात येईल. तो परत आल्यावर झाले की नाही, हे वर्गासमोर विचारू नये.

याशिवाय कधी मध्येच त्याला जावे लागले, तर तो आपल्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक निळे कार्ड ठेवून जाईल. नुकताच जाऊन आला असला तरी त्या वेळी त्याला थांबवू नये, कारण औषधाचे प्रमाण कमी-जास्त करण्याच्या दिवसांत त्याला एकदम घाईची लागू शकते.

काही वेळा तो जागेवर चुळबूळ करतो, चवड्यांवर उभा राहतो, पाय एकमेकांवर घट्ट दाबतो किंवा कोपऱ्यात जाऊन गप्प उभा राहतो. त्या वेळी तो शौच दाबून धरत असतो. असे दिसल्यास त्याला हळूच जायला सांगावे.

त्याच्या दप्तराच्या मागच्या कप्प्यात एका पिशवीत जादा चड्डी, पँट, पुसायचा ओला कागद आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी ठेवली आहे. कपडे खराब झाल्यास तो ते स्वतः बदलू शकतो. त्याला मावशींच्या मदतीची गरज पडल्यास त्यांनी दाराबाहेर थांबून मदत करावी. आम्हाला फोन करून बोलावण्याची किंवा त्याला घरी पाठवण्याची गरज नाही. पाण्याची बाटली बाकावर ठेवून मध्ये मध्ये पाणी पिण्याची परवानगी द्यावी.

औषध आम्ही घरी रात्री देतो, शाळेत काही द्यायचे नाही. हा उपचार बरेच महिने चालेल, तेव्हा ही व्यवस्था या संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी असावी. आपण रजेवर असताना येणाऱ्या शिक्षिकांना आणि खेळाच्या सरांना याची कल्पना असावी, अशी विनंती आहे. आपल्याला सोयीची वेळ कळवल्यास मी भेटून पाच मिनिटांत सर्व समजावून सांगेन.

आपण सहकार्य कराल याची खात्री आहे.

आपली विश्वासू,
(आईचे नाव व मोबाइल क्रमांक)

या मसुद्यात काही वाक्ये मुद्दाम आहेत आणि काही मुद्दाम नाहीत. मुलाचा संपूर्ण इतिहास, कोणत्या डॉक्टरांकडे आधी गेलात, सोनोग्राफीत काय निघाले, किती दिवस होत नव्हती, हे काही त्यात नाही. मॅडमना उपचार करायचा नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्यांनी नेमके काय करायचे, तेवढेच त्यांना हवे असते, आणि पत्र लांबले की तेच शोधावे लागते. शाळेचे संडास अस्वच्छ आहेत, कडी तुटलेली आहे, ही तक्रारही यात नको. ती खरी असेल तर मुख्याध्यापकांना वेगळे पत्र द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी हे शाळेचे निकष म्हणून दिलेले आहेत, तेव्हा तिथे तुमची बाजू पक्की आहे. पण दोन्ही गोष्टी एका पत्रात आल्या की वर्गशिक्षिकेला आपल्यावर आरोप झाल्यासारखे वाटते, आणि तिच्या हातात असलेली दहा मिनिटे त्या वादात अडकतात. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. ते कलम तुम्हाला माहीत असू द्या, पहिल्या पत्रात मात्र लिहू नका.

"तो आल्यावर वर्गासमोर विचारू नये" हे वाक्य कित्येक आयांना उद्धट वाटते आणि त्या ते काढून टाकतात. ते काढू नका. मॅडम काळजीपोटीच विचारतात, "झाली का रे?" पण दुसऱ्याच दिवशी ते मुलाचे वर्गातले टोपणनाव होते आणि तिसऱ्या दिवशी तो जायला नकार देतो. सोबत मॉनिटरला पाठवणे हेही असेच. मॉनिटर बाहेर उभा राहून "लवकर कर" म्हणतो, आणि मग ही दहा मिनिटे निवांत राहत नाहीत. वर्गाजवळच्या मावशींना सांगून ठेवणे जास्त बरे.

निळ्या कार्डाचा गैरवापर होईल, गणिताच्या तासाला तो उठून जाईल, ही शंका रास्त आहे आणि मॅडम ती बोलून दाखवतील. त्यावर उत्तर असे की ठरलेली वेळ रोजचीच आहे, ती तासाच्या विषयावर अवलंबून नाही, आणि दहा मिनिटांच्या पुढे बसून काही लाभही होत नाही. कार्ड दिवसातून एखाद्या वेळी वापरले जाणे समजण्यासारखे आहे. एखाद्या आठवड्यात ते रोज तीन-चारदा टेबलावर येऊ लागले, तर मुलगा तास टाळतो आहे असे समजण्याआधी मला कळवा, असे मॅडमना सांगा, कारण तेव्हा बहुतेक वेळा औषधाचे प्रमाण जास्त झालेले असते किंवा गोळा अजून आत असतो.

पाण्याचे वाक्यही फुकटचे नाही. संडासला जावे लागू नये म्हणून मुले पाणी पिणेच टाळतात. बाटली घरी आल्यावर हातात घेऊन पाहा. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच जड परत येत असेल, तर हेच होते आहे असे समजा. साधारण वीस किलोच्या मुलाला दिवसभरात दूध, ताक, वरण धरून दीड लिटरच्या आसपास द्रवपदार्थ लागतात. नागपुरात मार्चपासून घामाने जे जाते, ते यावर वाढवायचे. पाणी वाढवल्याने एकट्याने बद्धकोष्ठता बरी होत नाही, पण पाणी कमी पडले तर औषधाचे काम नक्की अडते.

पत्र देण्याची रीतही महत्त्वाची आहे. ते मुलाच्या डायरीत घालून पाठवू नका, कारण डायरी शेजारचा मुलगा उघडतो, आणि दुसरीतील मुलांना मराठी वाचता येते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका. पालकसभेच्या दिवशी मागे दहा पालक रांगेत असताना ते देण्यापेक्षा, शाळा सुटल्यावर पाकिटात घालून हातात द्या. त्याआधी घरी मुलाला पत्र वाचून दाखवा. आपल्याबद्दल काय सांगितले आहे हे त्याला माहीत असले की मॅडमची खूण त्याला शिक्षेसारखी वाटत नाही.

डॉक्टरांकडून दोन-तीन ओळींची चिठ्ठी घ्या. त्यात निदान, आजार संसर्गजन्य नसल्याचा उल्लेख आणि जेवणानंतर दहा मिनिटे संडासात बसण्याचा सल्ला, एवढे पुरे. औषधाचे नाव किंवा प्रमाण शाळेला कळवायची गरज नाही.

आता पत्राच्या मर्यादेबद्दल स्पष्ट सांगते. आत साठलेला गोळा आधी निघाला नसेल, तर कितीही चांगले पत्र आणि कितीही समजूतदार मॅडम असल्या तरी डाग थांबणार नाहीत. तुम्ही म्हणता पावडर सुरू आहे. ती बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉल असेल. ही पावडर पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ राखते. ती आतड्याला सवय लावत नाही. पण साठलेला गोळा काढण्यासाठी लागणारे प्रमाण आणि नंतर रोज चालू ठेवायचे प्रमाण यांत फार फरक आहे. सुरुवातीला तीन ते सहा दिवस दिवसाला प्रतिकिलो 1 ते 1.5 ग्रॅम द्यावे लागते, म्हणजे 21 किलोच्या मुलाला साधारण 21 ते 31 ग्रॅम. त्यानंतर चालू ठेवायचे प्रमाण प्रतिकिलो 0.4 ग्रॅमच्या आसपास सुरू होते, म्हणजे याच मुलाला आठ-साडेआठ ग्रॅम, आणि शौच मऊ होईल तसे ते कमी-जास्त केले जाते. कित्येक मुलांना सुरुवातीपासून फक्त हे छोटे प्रमाणच दिलेले असते, म्हणून महिनोन्‌महिने औषध घेऊनही डाग लागतच राहतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत असे झाले आहे का, हे डॉक्टरांना विचारा. प्रमाण स्वतःहून वाढवू मात्र नका. गोळा काढण्याचे ते दिवस सुट्टीत धरायचे असतात, कारण त्या काळात मुलाला दिवसातून अनेकदा, घाईने जावे लागते. दिवाळीची सुट्टी त्यासाठी सोयीची असते. ती यायला अजून वेळ असेल तर शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवार-मंगळवारची रजा घ्या. आणि पत्र त्यानंतर शाळा सुरू होताना द्या, म्हणजे मॅडमनाही पहिल्या आठवड्यातच फरक दिसेल.

पत्र दिल्यावर घरी एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: शौच झाले का, कुठे झाले, कसे होते आणि चड्डीला डाग होता का. कसे होते हे लिहिताना शेंगदाण्यासारखे सुटे कडक खडे, भेगा पडलेला जाड लांबट मळ, मऊ गुळगुळीत आणि पातळ असे साधे शब्द वापरा. मऊ आणि गुळगुळीत हवे. दोन आठवड्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. शाळेत अजून एकदाही झाले नसेल पण डाग कमी झाले असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. मुलगा शाळेत बसायला लागला आहे आणि घरी नीट होते आहे, एवढे सध्या पुरे. शौच रोज होते आहे आणि तरीही डाग आठवड्यातून दोन-तीनदा येतातच, तर गोळा अजून आत आहे असे समजावे, आणि अशा वेळी शाळेला आणखी विनंत्या करत बसू नये. पोट फुगून हिरवी उलटी होणे, वजन न वाढणे किंवा घटणे, चालताना पाय अडखळणे किंवा कमजोर वाटणे, गुदद्वाराला भेग नसताना शौचातून रक्त येणे, किंवा जन्मानंतर पहिले काळे शौच दोन दिवसांपर्यंत झाले नव्हते असे आठवणे, यांपैकी काही असेल तर हा साधा त्रास मानू नका. लगेच तपासणी करून घ्या. लघवी वारंवार होणे, लघवीला जळजळ किंवा रात्री अंथरूण ओले होणे हेही डॉक्टरांना सांगा, कारण भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते.

मॅडमनी होकार दिला आणि तरी काही दिवसांनी ही सवलत गळून पडली, असे होतेच. बदली शिक्षिका येतात, स्नेहसंमेलनाचा सराव सुरू होतो, घटक चाचणीच्या दिवशी तासांची वेळ बदलते. मुलगा स्वतः सांगणार नाही. तुम्हाला ते डागांवरून आणि जड बाटलीवरून कळेल. अशा वेळी तक्रारीच्या सुरात नवे पत्र लिहिण्याऐवजी शाळा सुटताना मॅडमना भेटून एवढेच सांगा की या आठवड्यात दोनदा डाग आला, दुपारची वेळ चुकते आहे का? परीक्षेच्या काळासाठी मात्र आधीच्या आठवड्यात आठवण करून द्या, कारण पेपर सुरू असताना उठू दिले जात नाही, आणि ते ऐनवेळी सांगून जमत नाही. पत्राला दोनदा आठवण देऊनही उत्तर मिळाले नाही किंवा मुलाची वर्गात टिंगल होऊ दिली गेली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

औषध साधारणपणे किमान दोन महिने चालते, आणि निदान महिनाभर कसलाही त्रास नसेल तेव्हाच हळूहळू कमी केले जाते. इतक्या जुन्या त्रासात प्रत्यक्षात याहून बराच जास्त काळ लागतो. औषध कमी करण्याच्या दिवसांत दुपारची दहा मिनिटे बंद करू नका. मुलगा बरा दिसू लागला की शाळाही म्हणते, आता गरज नाही ना, आणि आईलाही तसेच वाटते. दोन्ही एकदम काढले आणि पुन्हा डाग आले, तर कशामुळे आले हे कळत नाही. आधी औषध पूर्ण बंद होऊ द्या, त्यानंतर दोन महिने वही स्वच्छ राहू द्या, आणि मग दुपारची वेळ सोडा. हे होईपर्यंत शैक्षणिक वर्ष संपले तर विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात तेव्हा तिसरीच्या नव्या मॅडमना पहिल्याच आठवड्यात नवीन तारखेचे पत्र द्या. जुन्या मॅडमनी त्यांना सांगितले असेल असे गृहीत धरू नका.